मधमाशी, गांधीलमाशी की नुसतीच माशी? जवळून काढलेल्या फोटोत हॉवरफ्लाय ओळखण्याबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

साताऱ्यात राहतो, कॅमेरा बाळगतो आणि कीटकांच्या मागे फिरतो, एवढ्या भांडवलावर नातेवाईक, शेतकरी मित्र आणि त्यांचे मित्र मला फोटो पाठवत असतात. दहांतल्या निम्म्या फोटोंखाली "ही कुठली मधमाशी?" असं लिहिलेलं असतं, आणि त्यातल्या बऱ्याच मधमाश्या नसतातच. तेच ते प्रश्न पुन्हा येतात म्हणून उत्तरं एकदा सविस्तर लिहून ठेवली आहेत.

हॉवरफ्लायला मराठीत काय म्हणतात?

बोलीत वेगळं नाव मी तरी ऐकलेलं नाही. मधाच्या माश्यांना सातेरी, फुलोरी, आग्या, पोया अशी नेमकी नावं आपल्याकडे आहेत, कारण त्यांच्याशी माणसाचा व्यवहार होता. या माशीशी काही देणंघेणं नव्हतं. शेतीच्या पुस्तकांत "सिरफिड माशी" लिहितात, फोटो काढणारे "हॉवरफ्लाय" म्हणतात. हवेत एका जागी टांगल्यासारखी थांबते, मग झटकन बाजूला सरकते आणि पुन्हा थांबते, ती हीच. जगभरात तिच्या सुमारे सहा हजार जाती आहेत. आपल्या बांधावर नेहमी दिसणाऱ्या बोटांवर मोजण्याइतक्याच.

ती खरंच चावत नाही आणि डंखही मारत नाही?

नाही. मधमाशीचा आणि गांधीलमाशीचा डंख म्हणजे मुळात अंडी घालण्याच्या अवयवाचं बदललेलं रूप. म्हणूनच तो फक्त मादीला असतो. माश्यांच्या कुळात असा बदल झालेलाच नाही. हॉवरफ्लायचं तोंड मऊ, टिपकागदासारखं असतं. त्याने ती मध चाटते, पराग खाते. उन्हात घाम आलेल्या मनगटावर बसून घामही चाटते, तेवढी गुदगुली होते. पिवळे-काळे पट्टे हे नुसतं सोंग. डंख खाल्लेला पक्षी पुन्हा तशा पट्ट्यांच्या वाटेला जात नाही, आणि त्या भीतीवर ही माशी फुकटात जगते.

फोटोत सगळ्यात आधी काय बघायचं?

डोकं. आपली नजर आधी पोटावरच्या पट्ट्यांवर जाते, आणि सोंग नेमकं तिथेच वठवलेलं असतं. रंग, पट्टे, अंगावरची लव, बारीक कंबर या सगळ्याची नक्कल होते. म्हणून फोटो मोठा करून आधी मिशा, मग डोळे आणि शेवटी पंख अशा क्रमाने जा.

शाळेत आपण "माशीला दोन पंख, मधमाशीला चार" असं शिकलो. नियम शंभर टक्के खरा आहे. पण फोटोत पंख मोजणं हे तिन्हीतलं सगळ्यात फसवं काम, म्हणून मी ते शेवटी ठेवतो.

मिशा म्हणजे नेमकं काय बघायचं?

पुस्तकात ज्यांना शृंगिका म्हणतात त्या. मधमाशीच्या मिशा आपल्या हातासारख्या असतात. डोक्यापासून एक लांब दांडी निघते, कोपरातून वाकल्यासारखी वळते आणि पुढे बारीक पेरांची साखळी लागते. मादीला एकूण १२ पेरं, नराला १३. फोटोत पेरं मोजता आली नाहीत तरी लांब, कोपरात वाकलेल्या, डोक्यापासून स्पष्ट बाहेर आलेल्या दोन काळ्या काड्या दिसतातच. गांधीलमाशीच्या मिशा आणखी ठसठशीत, कधी टोकाला वळलेल्या.

हॉवरफ्लायला तीनच पेरं. पहिली दोन इतकी छोटी की ती जवळपास दिसत नाहीत. तिसरं चपटं, गोलसर असतं. तुरीच्या डाळीचा एकेक दाणा कपाळावर चिकटवावा तसे ते दोन दाणे दिसतात. त्या दाण्याच्या पाठीतून एक बारीक केस निघतो. तो केस दिसला की मधमाशी आणि गांधीलमाशी दोन्ही बाद.

हा केस फोटोत टिकत नाही, हीच अडचण. व्हॉट्सॲपवर साधा फोटो पाठवला की ॲप त्याला दाबून लहान करतं, आणि त्यात सगळ्यात आधी असला केस जातो. म्हणून मी प्रत्येकाला सांगतो, फोटो "डॉक्युमेंट" म्हणून पाठवा. पण केस दिसला नाही तरी एक गोष्ट दिसते. डोकं नीट फोकसमध्ये आहे आणि तरीही मिशा शोधाव्या लागत आहेत, तर ती बहुधा माशी आहे. मधमाशीच्या मिशा शोधाव्या लागत नाहीत.

लांब मिशांची हॉवरफ्लाय नसतेच का?

असते, आणि तीच सगळ्यांना फसवते. मोनोसेरोमिया आणि सेरियाना या वंशांतल्या माश्या कुंभारमाशीची इतकी बेमालूम नक्कल करतात की दोन्ही शेजारी ठेवल्या तरी मन द्विधा होतं. काळं अंग, त्यावर पिवळे पट्टे, बारीक कंबर आणि पुढे आलेल्या लांब मिशा. गांधीलमाशीच्या कुळातल्या माश्या बसल्यावर पंखांना उभी घडी घालतात, म्हणजे पंख अरुंद आणि गडद पट्टीसारखा दिसतो. हे बहुरूपी तेसुद्धा उचलतात. पंखाला घडी तर घालता येत नाही, म्हणून पंखाची फक्त पुढची कड गडद आणि मागचा भाग पारदर्शक. लांबून बघणाऱ्याला घडी घातलेला पंखच वाटतो. मला तर या कारागिरीपुढे हात जोडावेसे वाटतात.

तरी सोंग कुठे ना कुठे उघडं पडतं. या माशीच्या मिशा लांब दिसतात, पण पेरं तीनच. त्यामुळे साखळी दिसत नाही, दोन-तीन लांब तुकडे जोडल्यासारखं दिसतं. मोनोसेरोमियाच्या कपाळातून तर आधी एक दांडा पुढे येतो आणि त्याच्या टोकावर दोन्ही मिशा इंग्रजी व्ही अक्षरासारख्या फाकतात. गांधीलमाशीच्या मिशा कपाळावर वेगवेगळ्या ठिकाणी उगवतात. असा दांडा तिला नसतो.

शंका उरलीच तर तोंड बघा. गांधीलमाशीला कात्रीसारखे जबडे असतात, समोरून काढलेल्या फोटोत ते चेहऱ्याच्या खालच्या बाजूला एकमेकांवर आलेले दिसतात. माशीला जबडे नाहीत.

डोळ्यांवरून कसं ओळखायचं?

हॉवरफ्लायचं डोकं म्हणजे बहुतेक सगळे डोळेच. वरून काढलेल्या फोटोत दोन मोठ्या गोलार्धांनी डोकं व्यापलेलं दिसतं. कामकरी मधमाशीचे डोळे मात्र लांबट असतात, डोक्याच्या दोन बाजूंना लावलेले, आणि मध्ये लव असलेलं रुंद कपाळ. गांधीलमाशीच्या डोळ्याला आतल्या बाजूने खाच असते. काजूचा आकार आठवा. समोरून नीट घेतलेल्या फोटोत ही खाच ठळक दिसते आणि एकदा दिसली की शंका उरत नाही. हॉवरफ्लायच्या डोळ्याला तशी खाच नसते.

बहुतेक हॉवरफ्लायच्या नराचे दोन्ही डोळे डोक्याच्या माथ्यावर एकमेकांना भिडलेले असतात, मादीच्या डोळ्यांत फट असते. त्यामुळे वरून काढलेल्या एका चांगल्या फोटोत माशी आहे हे तर कळतंच, वर नर की मादी तेही कळतं. अपवाद आहेत, काही वंशांत नराचेही डोळे सुटे राहतात. फ्लॅशची चमक माथ्यावर पडली तर भिडलेल्या डोळ्यांतही पांढरी फट असल्यासारखी दिसते. म्हणून फ्लॅशच्या फोटोवरून नर-मादी सांगायला मी तयार होत नाही.

आपल्याकडच्या एरिस्टॅलिनस वंशातल्या माश्यांचे डोळे तर बघत राहावेत असे. काहींच्या डोळ्यांवर ठिपके, जणू कुणी ब्रश झटकून शाई उडवली आहे, तर काहींवर उभे पट्टे. मधमाशीच्या डोळ्यावर अशी नक्षी नसते.

म्हणजे माथ्यावर डोळे भिडलेले दिसले की ती माशीच, असं धरायचं?

नाही, इथे थांबा. मधमाशीच्या नराचेही डोळे मोठे आणि माथ्यावर भिडलेले असतात. उडत्या राणीला हवेत हेरायचं असतं ना त्याला. वरून काढलेला नराचा फोटो बघून चांगली जाणती माणसंही "ही मोठी माशी" म्हणतात. मिशा बघितल्या की उलगडा होतो, नराच्या मिशा पेरांच्या साखळीच्याच असतात. शिवाय नर फुलावर मध गोळा करायला जात नाही. पेटीच्या तोंडाशी किंवा खाली जमिनीवर पडलेला फोटोतला कीटक असा दिसला तर आधी नराचा संशय घ्या. महाबळेश्वर-जावळीच्या पट्ट्यात सातेरीच्या पेट्या ठेवणाऱ्यांना हे सांगावं लागत नाही, ते नराला लांबूनच ओळखतात. मांघर गावाला २०२२ मध्ये मधाचं गाव म्हणून ओळख मिळाल्यापासून तिकडे फोटो काढायला जाणारे मात्र वाढले आहेत आणि त्यांच्या फोटोंत हा घोळ हमखास असतो.

मधमाशीच्या फोटोत मला दोनच पंख दिसतात. मग ती माशी का नाही?

कारण मधमाशीचा मागचा पंख पुढच्या पंखाला अडकवलेला असतो. मागच्या पंखाच्या पुढच्या कडेवर बारीक आकड्यांची रांग असते, ती पुढच्या पंखाच्या मागच्या मुडपलेल्या कडेत अडकते. ब्लाउजचे हूक आठवा. उडताना दोन्ही मिळून एकच पंख होतो. बसल्यावर तो पाठीवर मिटला की दोन बाजूंना दोनच पंख दिसतात. चार पंख वेगवेगळे दिसतील असा फोटो नशिबानेच मिळतो.

त्यामुळे "दोन दिसतात" याला फारसा अर्थ नाही. "चार दिसतात" याला मात्र पूर्ण अर्थ आहे, चार दिसले की माशी बाद. पंखाच्या मागच्या कडेला एखादी खाच, घडीची रेघ किंवा दुहेरी कड दिसते का ते बघा. दिसली तर खाली दुसरा पंख दडलेला असण्याची शक्यता मोठी.

माशीच्या मागच्या पंखांच्या जागी दोन छोटे गोळे असतात, टाचणीच्या डोक्यासारखे. उडताना तोल कळावा म्हणून ते फडफडतात. बारीक अंगाच्या हॉवरफ्लायच्या बाजूने काढलेल्या फोटोत पंखाच्या मुळाशी हा पिवळसर ठिपका दिसतो. जाडजूड माश्यांत तो पांढुरक्या पाळीखाली झाकला जातो, तेव्हा त्याचा हट्ट धरू नका.

दोन पंखांची माशी आहे हे कळलं. पण ती हॉवरफ्लायच आहे हे कशावरून?

यासाठी पंखाच्या शिरा बघायच्या. सगळा शिरापट पाठ करायची गरज नाही, दोन खुणा पुरतात.

पहिली खूण पंखाच्या बाहेरच्या कडेची. साध्या घरमाशीच्या पंखात मुख्य शिरा कडेपर्यंत येऊन संपतात. हॉवरफ्लायमध्ये बाहेरच्या आडव्या शिरा कडेच्या थोड्या आत वळतात आणि कडेला समांतर धावतात. पंखाला साडीसारखा काठ शिवला आहे असं दिसतं. काठापलीकडे शिरा नसलेली एक रिकामी पट्टी उरते.

दुसरी खूण खोट्या शिरेची. पंखाच्या मधोमध, लांबीच्या दिशेने एक पुसट रेघ जाते. शीर वाटावी अशी, पण ती पंखाच्या पापुद्र्याला पडलेली जाडसर सुरकुती असते, दोन्ही टोकांना मोकळी. कुठून सुरू झाली आणि कुठे संपली ते सांगता येत नाही. ही रेघ सिरफिड कुळाची ठळक निशाणी मानतात. समोरून ऊन आलं तर ती पुसून जाते, तिरपं ऊन पंखातून आरपार गेलं की उठून दिसते. म्हणून एकाच माशीच्या पाच फोटोंतल्या एखाद्यातच ती सापडते, आणि तेवढ्याने काम भागतं.

एरिस्टॅलिस, एरिस्टॅलिनस, फायटोमिया या जाडजूड, मधमाशीसारख्या दिसणाऱ्या माश्यांत आणखी एक गंमत आहे. पंखातली एक लांब शीर सरळ जाता जाता मध्येच खाली झोका घेते आणि परत वर येते. दोरीवर वाळत घातलेलं ओलं धोतर मध्ये लोंबतं, तसा तो झोका. मधमाशीच्या पंखात असा झोका नाही.

एखादं उदाहरण पूर्ण सोडवून दाखवाल का?

गेल्या डिसेंबरात वाळवा तालुक्यातून भाच्याने तीन फोटो पाठवले. बियाण्यासाठी सोडलेल्या कोथिंबिरीला फुलोरा आला होता आणि त्यावर सकाळी नऊच्या सुमारास गर्दी होती. खाली लिहिलं होतं, "मामा, शेजारच्या पेट्यांतल्या माश्या आपल्याकडे आल्या."

पहिला फोटो पाठीमागून, थोडा वरून. अंग मधमाशीएवढं, पोट पिवळसर तपकिरी, त्यावर काळे पट्टे. एवढ्यावर मीही मधमाशीच म्हणालो असतो. पण छातीवर उभ्या पिवळ्या रेघा होत्या. सातेरीच्या छातीवर लव असते, अशा आखलेल्या रेघा नसतात. इथे संशय आला, पण रेघांवर निकाल देत नाही.

मग डोकं मोठं केलं. डोळे माथ्यावर जवळजवळ भिडलेले आणि त्यांवर गडद ठिपके. नर मधमाशी असू शकेल का? तिच्या डोळ्यांवर ठिपके नसतात, शिवाय ती कोथिंबिरीवर काय करेल? तरीही मिशा बघायच्याच होत्या आणि या फोटोत त्या दिसत नव्हत्या.

दुसरा फोटो बाजूने. कपाळावर दोन छोटे गोल दाणे, आणि फुलाच्या पांढऱ्या पाकळीच्या पार्श्वभूमीवर त्यातल्या एकातून निघालेला केस चक्क दिसत होता. पार्श्वभूमी हिरवी असती तर दिसला नसता. मधमाशी बाद.

तिसऱ्या फोटोत माशी उडायच्या बेतात, पंख पसरलेले. एका बाजूला एकच पंख, मागे दुसरा नाही. बाहेरच्या कडेला काठ, मध्ये झोका घेणारी शीर. खोटी शीर डाव्या पंखात पुसट दिसली, उजव्यात नाही. मागच्या पायांवर परागाची गोळीही नव्हती. हे मी शेवटी बघतो, कारण रिकाम्या पायांच्या मधमाश्याही भरपूर असतात.

उत्तर लिहिलं: एरिस्टॅलिनस वंशातली हॉवरफ्लाय, डोळ्यांवरून नर असावा. जात लिहिली नाही. भाचा जरा हिरमुसला, त्याला शेजाऱ्याला चिडवायचं होतं.

डोळ्यांवर पट्टे दिसले की ती निरुपद्रवी हॉवरफ्लाय, बरोबर?

हा प्रश्न मला बोचतो. काही वर्षांपूर्वी जावळीतल्या एका गोठ्यातला फोटो आला होता. हिरव्या डोळ्यांवर जांभळट आडवे पट्टे, दोन पंख, मिशा आखूड. मी फोनवरच "काही करत नाही हो ती" असं सांगून मोकळा झालो. दुसऱ्या दिवशी त्या दादांनी सुजलेल्या दंडाचा फोटो पाठवला. ती डांस माशी होती, गुराढोरांचं रक्त पिणारी.

चूक कुठे झाली ते नंतर फोटो उघडून बघितलं. मिशा आखूड होत्या, पण त्या डाळीच्या दाण्यासारख्या नव्हत्या. जाड, पुढे टोकदार होत गेलेल्या, आणि केस नव्हता. पंखाच्या कडेला काठ नव्हता. उलट पंखाच्या टोकाशी एका शिरेचे दोन फाटे फुटून टोकाला कवेत घेत होते, बेचकीसारखे. हॉवरफ्लायच्या पंखात ही बेचकी नसते. तोंडाखाली जाड सुरीसारखी सोंड होती. डोळ्यांत फट होती, म्हणजे मादी, आणि डांसांत मादीच चावते. सगळं फोटोत होतं. मी नक्षीवर भाळलो.

तेव्हापासून "दोन पंख म्हणजे निरुपद्रवी" हे वाक्य मी वापरत नाही. दोन पंख म्हणजे डंख नाही, एवढंच. चावा घेणाऱ्या माश्या वेगळ्या, आणि काठ, खोटी शीर किंवा केसाची मिशी यातलं किमान दोन दिसल्याशिवाय मी हॉवरफ्लाय म्हणत नाही.

पट्टे, कंबर, बसण्याची ढब यांचा काहीच उपयोग नाही?

संशय यायला उपयोग आहे. अंग चपटं, गुळगुळीत आणि पंख दोन बाजूंना तिरके पसरून बसली असेल तर बहुधा हॉवरफ्लाय. पण एपिसिरफस ही नारिंगी पट्ट्यांची नेहमीची माशी कधी पंख एकावर एक ठेवूनही बसते. ॲलोबाखा वंशातल्या माश्यांची कंबर तर गांधीलमाशीलाही लाजवेल इतकी बारीक.

फोन वापरून मिशा-शिरा दिसतील असा फोटो कसा काढायचा?

तीन बाजूंनी काढायचा: वरून डोळ्यांसाठी, बाजूने मिशांसाठी, आणि ऊन पंखातून येईल असा मागून तिरपा शिरांसाठी. एकाच सुंदर फोटोपेक्षा हे तीन ओबडधोबड फोटो मला जास्त सांगतात.

सकाळी लवकर जा, अंगात ऊब भरेपर्यंत या माश्या जागच्या हलत नाहीत. फोन अगदी नाकाशी नेऊ नका. साधारण फूटभर अंतरावरून दोन-तीनपट झूम करून काढा आणि नंतर कापून घ्या. क्लिपची भिंग चांगली असते, पण ती चालायला तीन-चार सेंटिमीटरवर जावं लागतं आणि तोवर माशी पसार. तुमची सावली तिच्यावर पडली तरी उडते. उडाली तर जागचे हलू नका, बऱ्याचदा ती हवेत घिरटी घेऊन त्याच फुलावर परत येते. बर्स्टवर दहा-वीस फोटो घ्या, त्यातला एखादा मिशीवर फोकस झालेला निघतो.

कुठे बघायला मिळतील?

चपटं, उघडं फूल शोधा. या माशीची सोंड आखूड, खोल नळीच्या फुलात तिचं काम नाही. बियाण्याला सोडलेली कोथिंबीर, बडीशेप, मोहरी ही उत्तम ठिकाणं. कासला ऑगस्टअखेर ते ऑक्टोबर फुलांचा हंगाम असतो. तिथे सोनकीची पिवळी फुलं त्यांना सोयीची, पण फोटोसाठी पायवाट सोडून फुलांत उतरू नका. तेवढ्यासाठी तिकडे जायचीही गरज नाही, साताऱ्यातल्या गच्चीवरच्या झेंडूवर मला भरपूर मिळाल्या आहेत.

फोटोवरून जात सांगता येते का?

काहींची येते. एपिसिरफस बाल्टिएटसच्या पोटावर प्रत्येक जाड काळ्या पट्ट्याच्या जोडीला एक बारीक पट्टा असतो, मिशीवर मिशी काढल्यासारखा, त्यामुळे ती बरीचशी खात्रीने सांगता येते. बाकीच्यांत वंशावर थांबणं बरं. पॅरागससारख्या चिमुकल्या माश्यांत जात ठरवायला नराचे शेवटचे अवयव सूक्ष्मदर्शकाखाली बघावे लागतात. फोटोला तिथे हात टेकावे लागतात.

उसाच्या पानावर अळी दिसली, तीच हिची का?

माव्यात पडलेली, बिनपायांची, डोक्याकडे निमुळती आणि शेपटाकडे जाड अशी अळी असेल तर बहुधा हो. इस्कियोडॉन, एपिसिरफस आणि त्यांच्या भाऊबंदांच्या अळ्या मावा खातात. २००२ मध्ये सांगली जिल्ह्यात उसावर लोकरी माव्याचा उद्रेक झाला, तेव्हा त्या माव्यावर युपिओडिस या सिरफिडच्या अळ्याही आढळल्या. मुख्य काम मात्र डिफा आणि मायक्रोमस या मित्रकीटकांनी केलं, श्रेय त्यांचं. एरिस्टॅलिनसच्या अळ्यांचं घर वेगळं. गोठ्यामागच्या सांडपाण्यात उंदराच्या शेपटीसारखी नळी वर काढून श्वास घेणारी अळी दिसते, ती त्यांच्या गोतावळ्यातली.

फोटोत डोकं फुलात घुसलेलं आहे. मग?

मग पंखांवर जा. दोन्ही पंख पसरलेले असतील आणि काठ व खोटी शीर दोन्ही दिसत असतील तर हॉवरफ्लाय म्हणायला हरकत नाही. पंखही मिटलेले असतील तर "ठरत नाही" असं लिहा आणि हात लांब ठेवा. परवाच कराडहून असा एक फोटो आला. झेंडूत डोकं खुपसलेलं, वर पिवळे-काळे पट्टे, पंख मिटलेले. पाठवणाऱ्या ताईंनी विचारलं होतं, "हातावर घेऊन फोटो काढू का?" मी लिहिलं, आधी तिला डोकं वर काढू द्या. तासाभराने दुसरा फोटो आला, समोरून: काजूसारखे खाच असलेले डोळे आणि एकमेकांवर आलेले जबडे.